पोचेपर्यंत धरवत नाही, तेव्हा

वर्तकनगरच्या एक काकू माझ्याकडे गुडघ्यासाठी आल्या होत्या. मी ठाण्यात फिजिओथेरपी करते. गुडघ्याला मशीन लावून दहा मिनिटं झाली, पडद्यापलीकडचा पेशंट निघून गेला, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू का? मला ना, लागली की धरवत नाही. पोचेपर्यंत होतं."

किती दिवसांपासून, विचारलं. दीड वर्ष. घरात कोणाला माहीत आहे? "कोणाला नाही. मी आधी हाताने धुते, मग मशिनला टाकते."

दीड वर्षात त्या दोनदा डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या. पण तिथे काकूंनी सांगितलं होतं, "पोट बिघडलंय." साहजिकच दोन्ही वेळा जुलाब थांबवायच्या गोळ्या मिळाल्या. "कपड्यात होतं" हे वाक्य तोंडातून निघालंच नव्हतं. फार थोड्यांच्या निघतं. कोणी "डाग पडतात" म्हणतं, कोणी "मूळव्याधीचं काहीतरी" म्हणतं. म्हणून मी हल्ली बाळंतपण झालेल्या प्रत्येक बाईला आणि साखरेच्या प्रत्येक पेशंटला सरळच विचारते: शी किंवा वारा धरायला त्रास होतो का?

या काकूंची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते आहे, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून.

आधी आत काय असतं ते बघू. गुदद्वाराभोवती दोन गोल स्नायू असतात, एकात एक. आतला आपल्या हुकमात नसतो. आपण झोपलेलो असलो तरी तो आपोआप आवळलेला राहतो आणि एरवीचा बराचसा बंदोबस्त तोच करतो. बाहेरचा आपल्या हुकमातला. लोकलमध्ये कळ आली की आपण आवळतो तो हा. या दोघांच्या जरा वर एक तिसरा स्नायू गोफणीसारखा मागून पुढे येतो आणि आतड्याच्या शेवटच्या भागाला पुढे ओढून धरतो. त्यामुळे तिथे नळीला कोन पडतो, बागेतल्या पाइपला मुरड पडावी तसा. उकिडवं बसलं की ही मुरड बरीचशी सुटते, म्हणून भारतीय पद्धतीच्या संडासात पोट लवकर साफ होतं.

आतडं भरलं की आतला स्नायू क्षणभर सैल पडतो आणि जे आलंय त्याचा थोडासा भाग खालच्या नाजूक त्वचेला लागतो. ती त्वचा ओळखते की हा वारा आहे, पाणी आहे की घट्ट शी. तेवढ्या वेळात बाहेरचा स्नायू दार धरून ठेवतो. दिवसातून कितीतरी वेळा हे होतं आणि आपल्याला कळतही नाही.

यावरून बिघाड कुठे आहे याचा बराच अंदाज येतो. कळ येते, समजतं, पण बाथरूमपर्यंत टिकत नाही, तर बहुतेक बाहेरचा स्नायू कमजोर. काहीच कळलं नाही आणि नंतर डाग दिसला, तर आतला स्नायू कमजोर किंवा तिथली जाणीव कमी झालेली. साखर फार वर्षांची असली तर नसांवर परिणाम होऊन जाणीव कमी होते. भगंदराच्या किंवा फिशरच्या ऑपरेशनमध्ये स्नायूचा काही भाग कापावा लागलेला असू शकतो. ओटीपोटावर रेडिएशन घेतलेल्यांचं आतडं कडक होतं, मग थोडं आलं तरी तातडी वाटते.

काकूंचं उत्तर पहिल्या प्रकारातलं होतं. कळायचं, पण हातात मिनिटभरही नसायचं.

त्यांचं पहिलं बाळंतपण ३७ वर्षांपूर्वीचं. बाळ अडलं, चिमटा लावून काढलं, खाली बरेच टाके पडले. नंतर दोन-तीन महिने वारा धरवत नव्हता, मग ते आपोआप बरं झालं. निदान त्यांना तसं वाटलं. चिमटा लावून झालेल्या बाळंतपणात हा स्नायू पुढच्या बाजूने फाटण्याची शक्यता जास्त असते. कळा देण्याचा वेळ लांबला तर तिथली नसही ताणली जाते. वय तरुण असतं, बाकीचे स्नायू त्याची उणीव भरून काढतात. पाळी गेल्यावर आणि वयाबरोबर ते स्नायूही पातळ होतात आणि झाकून राहिलेली जुनी फट उघडी पडते. पुढे सर्जनने सोनोग्राफी करून घेतली, तेव्हा बाहेरच्या स्नायूत समोरच्या बाजूला ती फट दिसली.

काकू म्हणाल्या, "मग आता व्यायाम सांगा." मी म्हटलं, "काकू, सांगते. पण आधी एक आठवडा लिहून आणा."

त्याचं कारण साधं आहे. दार कमजोर असलं तरी घट्ट शी त्याच्या मागे थांबते, पातळ थांबत नाही. धडधाकट माणसालाही जुलाबात धरणं अवघड जातं. मग ज्याचा स्नायू आधीच अर्ध्या ताकदीवर आहे, त्याने पाणी कसं अडवायचं? म्हणून काय धरायचं आहे ते आधी बदलावं आणि धरणाऱ्या स्नायूकडे त्याच्याबरोबरीने, पण धीराने बघावं. बरेच जण उलटं करतात. दोन महिने व्यायाम करतात, शी पातळच राहते, आणि व्यायामाने काही होत नाही म्हणून सोडून देतात.

लिहायला मी त्यांना ब्रिस्टल चार्ट दिला. शीच्या आकाराची सात चित्रं, १ म्हणजे लेंड्या आणि ७ म्हणजे निव्वळ पाणी. आपल्याला हवी ३ किंवा ४ नंबरची, सलग आणि मऊ. चित्रं बघून काकू पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, "माझी सहा नंबर. पातळ पिठलं."

त्यांनी वीजबिलाच्या पाठीमागे लिहून आणलं. सात दिवसांत पाच वेळा कपड्यात झालं होतं. पाचही वेळा सकाळी सव्वासात ते साडेनऊच्या मध्ये, पाचही वेळा सहा नंबर. दुपारनंतर एकदाही नाही. मधल्या एका बुधवारी काहीच नाही, कारण संकष्टी होती. दिवसभर साबुदाण्याची खिचडी आणि एक केळं. रविवारीही काही झालं नव्हतं, ते का, हे मात्र आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

"म्हणजे साबुदाणा चालू करू का रोज?" काकूंनी विचारलं. साबुदाण्याने शी घट्ट होते हे खरं. पण साखरेच्या पेशंटने तो रोज खाणं बरं नाही, आणि त्या दिवशी आणखी एक गोष्ट वेगळी घडली होती. उपवास म्हणून त्यांनी सकाळची साखरेची गोळी घेतली नव्हती. ती गोळी मेटफॉर्मिन. मेटफॉर्मिनने काही जणांना पोट सैल होतं, हा तिचा नेहमीचा आणि माहितीतला त्रास आहे. डोस कधी वाढवला, विचारलं. त्यांनी बोटं मोजली. दीड वर्षापूर्वी.

नोंदीत आणखी दोन गोष्टी होत्या. सकाळी उठल्याबरोबर दोन कप चहा, आणि त्याबरोबर शुगर-फ्री बिस्किटं चार-पाच. पोटात काही पडलं की मोठं आतडं हलायला लागतं, ही सगळ्यांचीच रीत आहे, सकाळी ती जोरात असते आणि चहातलं कॅफीन तिला आणखी रेटतं. शुगर-फ्री पदार्थांत गोडीसाठी सॉर्बिटॉल, माल्टिटॉल असे पदार्थ असू शकतात. ते आतड्यात पुरते शोषले जात नाहीत, तिथेच राहून पाणी ओढतात. पाकिटाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. काकू साखर नको म्हणून खात होत्या आणि त्यात त्यांची चूक काहीच नव्हती.

भर म्हणून, कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, "पोटाला फायबर पाहिजे." म्हणून रोज दुपारी वाडगाभर कच्ची काकडी-गाजर-कोबी आणि रात्री पपई. हा सल्ला बद्धकोष्ठाच्या माणसासाठी ठीक आहे. फायबर सगळं एक नसतं. गव्हाचा कोंडा, कच्च्या भाज्यांच्या साली हे पाण्यात विरघळत नाहीत. ते आतड्याला ढोसून माल पुढे ढकलतात. विरघळणारं फायबर पाणी स्वतःत धरून ठेवतं आणि त्याचा लगदा होतो. ओट्समध्ये आणि शिजवलेल्या सफरचंदात ते थोडं असतं. सगळ्यात जास्त कामाचं मात्र इसबगोल.

विश्वास बसत नसेल तर एक प्रयोग करा. वाटीत अर्धी वाटी पाणी घ्या, त्यात एक लहान चमचा इसबगोल ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. वाटी कलंडली तरी आतलं सांडत नाही, थरथरतं फक्त. आतड्यातल्या मोकळ्या पाण्याचंही तेच होतं. म्हणूनच इसबगोल कडक शी मऊ करतं आणि पातळ शी घट्टही करतं. रात्री मोठ्या ग्लासभर कोमट दुधात घेतलं की पोट साफ होतं, हे आपल्याकडे घरोघर माहीत आहे. त्याच चमच्याचा दुसरा उपयोग कोणी सांगत नाही. काकूंना मी म्हटलं तेव्हा त्या दचकल्याच. "अहो, आधीच धरवत नाही, त्यात इसबगोल?"

पातळ शीसाठी घ्यायची पद्धत थोडी निराळी. रात्रीच्या जेवणानंतर एक लहान चमचा, छोट्या वाटीभर दह्यात किंवा अर्धा पेला ताकात कालवून लगेच खायचं, फुगायच्या आत. त्यावर ग्लासच्या ग्लास पाणी प्यायचं नाही. पण कोरडंही कधी फाकायचं नाही. घशात फुगून अडकू शकतं, आणि ज्यांना गिळायला त्रास आहे त्यांनी ते घेऊच नये. पहिले चार दिवस वारा जास्त होतो, तो नंतर कमी होतो. चार-पाच दिवसांनी सकाळच्या नाश्त्यानंतर दुसरा चमचा वाढवायचा. शी कडक होऊन कुंथावं लागलं तर एक चमचा कमी. थायरॉइड, साखर, बीपी अशा गोळ्यांपासून दोनेक तासांचं अंतर ठेवायचं, नाहीतर गोळी त्या लगद्यात अडकते.

आम्ही एका वेळी एकच पाऊल टाकलं, म्हणजे कशाने काय झालं ते कळेल. पहिल्या आठवड्यात शुगर-फ्री बिस्किटं आणि पपई बंद, कोशिंबिरीऐवजी शिजवलेली भाजी, चहा एकच कप आणि तोही नाश्त्याबरोबर. पाचाचे चार झाले. दुसऱ्या आठवड्यात त्या त्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या आणि या वेळी "पोट बिघडलंय" असं न म्हणता खरं ते सांगितलं. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारात बदलून रात्रीच्या जेवणानंतर दिलं. ही गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नसते, साखर चढते. चाराचे दोन झाले. तिसऱ्या आठवड्यापासून इसबगोल. महिना संपेपर्यंत आठवड्याला एक, आणि शी चार नंबरची, क्वचित पाच.

इतकं होईपर्यंत स्नायूंचा काहीच हातभार लागला नव्हता. व्यायाम आम्ही दुसऱ्या आठवड्यात सुरू केला होता, पण स्नायूत ताकद यायला तीन महिने लागतात. पहिल्या महिन्याचं श्रेय वाटीतल्या त्या लगद्याचं, आणि त्याहून जास्त बदललेल्या गोळीचं.

आता व्यायाम. "आवळा" म्हटलं की दहातले बरेच जण नितंब आवळतात. काकूही तेच करत होत्या आणि वर श्वास रोखून धरत होत्या. ओळखायची खूण सोपी आहे. खुर्चीत बसून आवळताना तुमची उंची वाढली, म्हणजे तुम्ही खुर्चीतून किंचित वर उचलला गेलात, तर नितंब काम करताहेत. योग्य स्नायू आवळला तर बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही. मी सांगते, गडकरी रंगायतनमध्ये पहिल्या रांगेत बसला आहात, रंगमंचावर शांतता आहे आणि वारा आला आहे. तो अडवा, आणि मग आत-वर ओढून घ्या, चेहऱ्यावर काही दिसू न देता. श्वास चालू आहे की नाही ते बघायला आकडे मोठ्याने मोजा. पोटावर हात ठेवा. पोट बाहेर ढकललं जात असेल तर तुम्ही आवळत नाही, कुंथत आहात, आणि ते उलटं काम आहे.

परवानगी घेऊन, हातमोजे घालून बोटाने तपासलं, तेव्हा काकूंची पकड तीन सेकंद टिकत होती, मग विरून जात होती. म्हणून सुरुवात तिथूनच. तीन सेकंद आवळायचं, सहा सेकंद पूर्ण सोडायचं, असं सहा वेळा. त्यानंतर पाच झटके, पटकन आवळ-सोड. हे दिवसातून तीनदा, पहिले दोन आठवडे आडवं पडून, मग बसून, मग ओट्याजवळ उभं राहून. दर पंधरा दिवसांनी एक सेकंद वाढवायचा. पूर्ण सोडणं हाही व्यायामाचाच भाग आहे. आवळलेला स्नायू तसाच ठेवला तर तो थकतो आणि गरजेच्या वेळी कामाला येत नाही. काकूंनी उत्साहाने एकदा दिवसात शंभर वेळा केलं आणि संध्याकाळी, जी वेळ नेहमी सुरक्षित असायची, तेव्हा कपड्यात झालं. मोजून केलं तरच उपयोग होतो. शिवाय लघवीची धार मधे थांबवून हा व्यायाम करू नका. स्नायू कुठला ते एकदा ओळखण्यापुरतं ठीक, रोज नाही.

दुसरी शिकवणी कळ आल्यावर काय करायचं याची. आपण धावतो. धावताना पोटात दाब वाढतो, आवळण्यावरचं लक्ष उडतं, आणि दारातच होतं. कळ ही लाटेसारखी असते, वर चढते आणि ओसरते. तेव्हा थांबायचं, जमलं तर बसायचं आणि मध्यम आवळायचं. पूर्ण ताकदीने आवळलं तर काही सेकंदांत स्नायू दमतो. लाट ओसरली की मग चालायचं. याचा सराव कमोडवर बसूनच करायचा, म्हणजे हरलं तरी काही बिघडत नाही. कळ आली की घड्याळ बघून एक मिनिट धरायचं, मग सोडायचं. ते जमलं की पाच मिनिटं, मग दहा. त्यानंतर कमोडवर न बसता, बाथरूमच्या दाराबाहेर खुर्ची टाकून. काकूंना एका मिनिटाला नऊ दिवस लागले आणि दहा मिनिटांना जवळजवळ दीड महिना.

इथे एक इशारा, कारण हा लेख वाचून कोणी घरातल्या आजोबांना इसबगोल चालू करेल. वयस्कर, अंथरुणाला खिळलेल्या किंवा फार कमी हालचाल असलेल्या माणसाला सतत पातळ गळत असेल तर ते अनेकदा बद्धकोष्ठ असतं. आत कडक गोळा अडकून बसतो आणि त्याच्या कडेने पाणी झिरपतं. घरचे म्हणतात जुलाब झालेत, आणि जुलाब थांबवायची गोळी देतात. गोळा आणखी घट्ट होतो. इसबगोलनेही तेच होईल. बरेच दिवस नीट शी झालेली नाही, पोट फुगलंय, भूक मेली आहे आणि तरी चादर खराब होते, असं असेल तर आधी डॉक्टरांनी बोट घालून तपासायला हवं. घरी बसून हे ठरवता येत नाही.

शीतून रक्त, आपोआप घटणारं वजन, पन्नाशीच्या आसपास किंवा नंतर नव्यानेच बदललेली शौचाची सवय, यांना आधी डॉक्टर, मग व्यायाम. आणि कंबरदुखीबरोबर अचानक ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, लघवी होईना, तर त्याच दिवशी इमर्जन्सी गाठा. मणक्यातली नस दाबली गेलेली असू शकते आणि तिथे तासांचा प्रश्न असतो.

व्यायामाने फट सांधली जात नाही, हे मी काकूंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. उरलेला स्नायू जाड आणि चपळ होतो, एवढंच. पुरेसं झालं नाही तर पुढे बायोफीडबॅक असतं, त्यात पकड पडद्यावर बघत शिकतात. लोपेरामाइडची गोळी असते, ती डॉक्टर ठरवतील त्या डोसात, कुठे जायचं असेल त्या दिवशी जेवणाआधी घेतात. ती आतड्याची गती कमी करते. त्यापुढे ऑपरेशन, किंवा माकडहाडाच्या वरच्या भागातल्या नसेला यंत्राने हलके झटके देणं. काकूंना तिथपर्यंत जावं लागलं नाही. बारा आठवड्यांनी त्यांची पकड आठ सेकंद होती आणि कपड्यात होणं पंधरा दिवसांत एखाद्या वेळी, तेही डाग पडण्यापुरतं. पर्समध्ये पॅड आणि झिंक ऑक्साइडची ट्यूब अजून असते.

त्यांची मुलगी कोपरखैरण्याला राहते. दीड वर्ष त्या तिच्याकडे लोकलने गेल्या नव्हत्या, कारण लोकलमध्ये संडास नसतो. चौदाव्या आठवड्यात गेल्या. वीजबिलांचे कागद संपले होते, त्या दिवसाची नोंद लग्नपत्रिकेच्या पाकिटावर आहे: "रबाळे सोडलं आणि कळ. बसून राहिले. आकडे मोजले, मनात. घणसोलीला गेली." आणि खाली, वेगळ्या पेनने, "चहा अर्धा कप घेतला."